पेरणीनंतरचा पंचेचाळिसावा दिवस

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर व्हिडिओ चॅनल चालवायचं म्हटलं की वर्षाच्या वेळापत्रकातला पहिला रकाना कोरा सोडावा लागतो. तो पाऊस भरतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय सरकी टोबू नये, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. कोरडवाहू शेतकरी शक्यतो ते पाळतोही, कारण दुबार पेरणीचा खर्च त्याला परवडत नाही. एखाद्या वर्षी मृगात लागवड उरकते, तर एखाद्या वर्षी जुलै उजाडतो. अशा जिल्ह्यात जानेवारीत बसून ‘३० जुलै – कामगंध सापळे’ असं कॅलेंडरवर लिहून ठेवणं म्हणजे दोन-तीन आठवड्यांची चूक आधीच करून ठेवणं.

म्हणून एकट्याने चालवायच्या शेतीच्या चॅनलचं वेळापत्रक तारखांवर बांधू नये, पिकाच्या वयावर बांधावं. पेरणीचा दिवस शून्य धरायचा. प्रत्येक विषयापुढे तो कितव्या दिवसाआधी लोकांपर्यंत पोचला पाहिजे, तो आकडा लिहायचा. लागवड झाली की शेजारच्या रकान्यात तारखा भरायच्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण त्यामुळे सगळं वर्ष जागेवर बसतं.

या प्रकरणात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, घाटंजीच्या बाजूला आठ एकर कोरडवाहू शेती असलेला एक तरुण आहे. पाच एकरांत कपाशी आणि तिच्यात तुरीच्या ओळी, तीन एकरांत सोयाबीन. त्याच्याकडे एक फोन, कॉलरला लावायचा माईक, तिपाई आणि जुना लॅपटॉप आहे. मदतीला माणूस नाही. वावरातलं काम त्याला चुकत नाही आणि चॅनलही सोडायचा नाही. त्याने आठवड्याला किती व्हिडिओ द्यावेत?

उत्तर काढायचं तर आधी एका व्हिडिओला लागणारे तास मोजावे लागतात. आठ मिनिटांचा, माहितीचा, नीट बनवलेला व्हिडिओ घेऊ. माहिती पडताळणं, मुद्दे लिहिणं आणि कोणती दृश्यं लागतील याची यादी करणं यात दोन तास जातात. चित्रीकरणाला दीड तास आणि संपादनाला साडेचार तास. मुखचित्र, शीर्षक, वर्णन आणि अपलोड मिळून एक तास. व्हिडिओ आल्यावर ‘भाऊ, सापळे कवा लावाचे?’ अशा प्रश्नांना उत्तरं देण्यात आणखी एक तास. एकूण दहा तास झाले. नवख्याला जास्त लागतील, हात बसल्यावर आठात होईल; पण वेळापत्रक दहा धरूनच करावं. नवखी माणसं बहुतेक वेळा फक्त चित्रीकरणाचा दीड तास डोक्यात धरतात आणि आठवड्याला तीन व्हिडिओंची घोषणा करून बसतात.

आता हातातले तास पाहू. फेब्रुवारी ते मे या सोळा आठवड्यांत आपल्या तरुणाला आठवड्याला अठरा तास मिळतात. पावसाळ्यातल्या साध्या आठवड्यांत दहाच्या आसपास. टोबणी, डवरणी-निंदणाची घाई, फवारणी, सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी आणि दिवाळी धरून वर्षात बारा आठवडे असे येतात की सहा तासही मुश्किलीने निघतात. या सगळ्यांची सरासरी काढली तर आकडा छान दिसतो, पण त्या सरासरीचा उपयोग नाही. मार्चमधला मोकळा तास उचलून टोबणीच्या आठवड्यात टाकता येत नाही. पुढे नेता येतो तो फक्त मार्चमध्ये पूर्ण करून ठेवलेला व्हिडिओ.

म्हणून आठवड्याचं वचन सहा तासांच्या आठवड्याला पेलेल एवढंच द्यावं. त्या आठवड्यात तयार व्हिडिओ प्रसिद्ध करायला आणि उत्तरं द्यायला दोन तास पुरतात. उरलेल्या चार तासांत उभ्या पिकाची दृश्यं टिपून ठेवता येतात. नवा व्हिडिओ त्या आठवड्यात होत नाही आणि होईल असं धरूही नये. उन्हाळ्याच्या सोळा आठवड्यांत दर आठवड्याचा व्हिडिओ देऊन आठ तास उरतात. एकूण १२८ तास, म्हणजे बारा जादा व्हिडिओ. टंचाईचे आठवडेही बाराच. कागदावर हिशोब बरोबर बसतो आणि इथेच सावध राहायला हवं, कारण उन्हाळा म्हणजे लग्नसराई, लाइटीची ये-जा आणि घरातली आजारपणं. बारापैकी आठ व्हिडिओ शिलकीत पडतील असं धरावं आणि वर्षातले चार आठवडे मोठ्या व्हिडिओविना सोडावेत. त्या आठवड्यांत मिनिटभराचा उभा व्हिडिओ द्यावा, नाहीतर मागच्या हंगामातला चालणारा व्हिडिओ नव्याने लोकांसमोर ठेवावा. वर्षाला ४८ व्हिडिओ, आठवड्याला एक. एकट्या माणसाने, शेती सांभाळून, याहून जास्तीचं वचन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चालू हंगामात आठवड्याला दोन व्हिडिओ देणाऱ्याचा दुसरा व्हिडिओ बहुतेक वेळा पडताळणीच्या दोन तासांतून चोरलेला असतो, आणि शेतीत न पडताळलेल्या सल्ल्याची किंमत बघणारा मोजतो.

शिलकीत काय ठेवावं, हा खरा कसाचा भाग. उन्हाळ्यात केलेला व्हिडिओ नोव्हेंबरमध्ये दाखवायचा असेल, तर त्यातली माहिती तोवर शिळी होता कामा नये. मातीचा नमुना कसा घ्यावा, घरच्या सोयाबीनची उगवण गोणपाटावर शंभर दाणे ठेवून कशी तपासावी, डवऱ्याची पास कशी लावावी, एकरी खर्चाची वही कशी लिहावी, हे सगळं टिकतं. हमीभाव, भारतीय कपास निगमच्या खरेदीची नोंदणी, त्यासाठी लागणारी कागदपत्रं, अनुदानाच्या मुदती हे टिकत नाही. २०२५ च्या हंगामात निगमने नोंदणीसाठी ‘कपास किसान’ हे मोबाइल अ‍ॅप आणलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात कुणी नोंदणीवर व्हिडिओ करून ठेवला असता तर तो जसाच्या तसा दाखवण्याच्या लायकीचा राहिला नसता. पण त्याच खरेदीतली ओलाव्याची गोष्ट टिकणारी आहे. आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, बारा टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, त्यापुढे कापूस परत. वेचल्यावर कापूस कसा वाळवायचा यावरचा व्हिडिओ मार्चमध्ये करून ठेवता येतो. प्रसिद्ध करण्याआधी त्या वर्षाचे नियम एकदा पाहून घ्यायचे, एवढंच.

सगळ्यात जपायचा विषय म्हणजे कीटकनाशकं. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो माणसं दवाखान्यात दाखल झाली, वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर काही कीटकनाशकांच्या विक्रीवर सरकारने तात्पुरती बंदी घातली. औषधाचं नाव आणि मात्रा सांगणारा व्हिडिओ आठ महिने कपाटात ठेवून काढण्याजोगा नसतो, हे त्या वर्षाने दाखवून दिलं. फवारणी करताना अंग कसं झाकावं, वाऱ्याच्या दिशेने कसं चालावं, डोक्यावर गेलेल्या पिकात का शिरू नये, दुपारच्या उन्हात पंप का उचलू नये, विषबाधेची लक्षणं दिसली की औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल घेऊनच दवाखाना का गाठावा, हे मात्र दरवर्षी तेच आहे. असे व्हिडिओ एकदा जीव ओतून करावेत आणि दर हंगामात पहिल्या फवारणीच्या आधी पुन्हा दाखवावेत. पहिली फवारणी रसशोषक किडींसाठी महिन्याभराच्या पिकावर होते, म्हणून यांची जागा विसाव्या दिवसाच्या आसपास. औषधाचं नाव घ्यायचंच असेल तर ते त्या आठवड्यात, लेबल वाचून आणि कृषी विद्यापीठाची चालू शिफारस बघून.

आता एक अडचण अशी की उन्हाळ्यात वावर रिकामं असतं. पऱ्हाटी उपटलेली, जमीन नांगरलेली. बोंडअळीवरचा व्हिडिओ एप्रिलमध्ये बोलून होईल, पण दाखवणार काय? बोलण्याचं चित्रीकरण आणि दाखवण्याचं चित्रीकरण ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांचे हंगाम वेगळे आहेत. शहरात स्वयंपाकावर व्हिडिओ करणाऱ्याला हा प्रश्न येत नाही; तो एका रविवारी पाच पदार्थ करून मोकळा होतो. कपाशीचं फूल मात्र वर्षातून एकदाच, ठरावीक दिवसांतच दिसतं.

यावर उपाय म्हणजे धुऱ्याजवळची खुंटी. लागवड झाल्यावर एका ओळीच्या तोंडाशी बांबूची खुंटी ठोकायची आणि आठवड्यातून एकदा, सकाळी, तिच्यापाशी उभं राहून पाच दृश्यं घ्यायची. पूर्ण ओळ. एकच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत. पानाची खालची बाजू. पातं, फूल किंवा बोंड, जे असेल ते. आणि शेवटी झाडाशेजारी हात किंवा मोजपट्टी. प्रत्येक दृश्य पंचवीस सेकंद, फोन छातीच्या उंचीवर, आडवा आणि दर वेळी त्याच दिशेला. दृश्य चालू असताना बोलायचं नाही, कारण हा आवाज पुढे काढूनच टाकावा लागतो. साध्या एचडीमध्ये बरेच फोन मिनिटाला १३० एमबीच्या आसपास जागा घेतात. म्हणजे आठवड्याच्या या दोन मिनिटांना पाव जीबी आणि सहा महिन्यांच्या हंगामाला सातेक जीबी. एका पेनड्राइव्हमध्ये अख्खी कपाशी मावते. फाइलला तारखेऐवजी पिकाच्या वयाचं नाव द्यायचं:

```
D045_kapashi_pate_01.mp4
D062_kapashi_domkali_02.mp4
D095_kapashi_bond_01.mp4
```

पुढच्या वर्षी पंचेचाळिसाव्या दिवसाचा व्हिडिओ करताना मागच्या वर्षीचा `D045` सरळ सापडतो. चॅनलचं पहिलं वर्ष याच कारणाने सगळ्यात जड जातं. दृश्यांचा साठाच नसतो, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओ त्याच आठवड्यात टिपून त्याच आठवड्यात काढावा लागतो आणि तो नेहमी थोडा उशिरा येतो. पहिल्या हंगामात म्हणूनच दोन आठवड्यांतून एक व्हिडिओ पुरे. उरलेला वेळ खुंटीला द्यावा.

एकगठ्ठा चित्रीकरण उन्हाळ्यातल्या बोलण्याच्या भागासाठी. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. नऊनंतर ऊन चेहऱ्यावर कडक सावल्या पाडतं आणि तिपाईवर उघडा ठेवलेला फोन तापून रेकॉर्डिंग बंद करतो. सकाळी सव्वासहा ते नऊ ही खरी वेळ. तेव्हा वाराही कमी असतो, त्यामुळे माईकवर फोमची टोपी पुरते. पावणेतीन तासांत चार व्हिडिओंचं बोलणं होईल असं वाटतं, पण तीनच धरावेत. चौथ्यापर्यंत आवाज बसतो, वाक्यं लांबतात आणि माणूस मुद्दा दोनदा सांगू लागतो. तपासायची सोपी रीत अशी: त्या सकाळच्या सगळ्या व्हिडिओंची पहिली दोन मिनिटं लागोपाठ ऐकावीत. आवाज कुठे उतरला ते लगेच कळतं. आपली मर्यादा तिथेच असते आणि पुढच्या वेळी तिथेच थांबावं.

सकाळच्या तीन व्हिडिओंत सर्वांत अवघड विषय आधी घ्यावा. मागचा भाग बदलायला जागा सोडून जायची गरज नाही. तिपाई फिरवून एकदा गोठा, एकदा बांधावरचा कडुनिंब, एकदा मोकळं वावर मागे घेतलं की काम होतं. बोलताना एक पथ्य मात्र कडक पाळायचं. शिलकीच्या व्हिडिओत ‘आज’, ‘काल’, ‘या आठवड्यात’, ‘एवढ्यात पाऊस झाला’ असे शब्द नकोत. ‘पीक पंचेचाळीस दिवसांचं झालं की’ असं म्हणावं. एका ‘आज’मुळे अख्खा व्हिडिओ त्या दिवसाला बांधला जातो आणि संपादनात तो शब्द कापायला गेलं की ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

एकगठ्ठा चित्रीकरणात एक मोठा भ्रम दडलेला असतो. एका सकाळी तीन व्हिडिओ ‘झाले’ असं वाटतं, प्रत्यक्षात साडेतेरा तासांचं संपादन उभं राहिलेलं असतं. त्या आनंदात पुढच्या रविवारी आणखी तीन टिपले की लॅपटॉपवर सहा व्हिडिओंचा कच्चा माल पडून राहतो आणि जूनमध्ये त्यातला एकही तयार नसतो. म्हणून शिलकीच्या वहीत फक्त पूर्ण झालेला व्हिडिओ मोजावा: संपादित, मुखचित्रासह, खाजगी ठेवून अपलोड केलेला. टिपलेले पण न कापलेले व्हिडिओ वेगळ्या रकान्यात. त्या रकान्यात तीनपेक्षा जास्त जमले तर नवं चित्रीकरण बंद. हा नियम मोडण्याचा मोह सर्वांत मोठा, कारण बाहेर जाऊन बोलण्यात मजा आहे आणि संपादनात एकटेपणा.

अपलोडचंही गणित घालून ठेवावं. आठ मिनिटांचा, सेकंदाला १२ मेगाबिट दराने काढलेला व्हिडिओ सुमारे ७२० एमबीचा होतो. दिवसाला दीड-दोन जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइलवर एका दिवसात एकच व्हिडिओ निर्धास्त चढतो, तोही रात्री उशिरा, रेंज मोकळी असताना. म्हणून प्रसिद्धीच्या दिवशी अपलोड करू नये. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना प्रसिद्धीची तारीख आणि वेळ आधीच घालता येते. आपला तरुण दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ देतो असं धरलं, तर तो सोमवारी रात्रीच चढलेला असावा.

आता मालिकांकडे वळू. १९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे केंद्रावरून ग्रामीण रेडिओ मंडळांचा एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं त्यात होती. गावोगाव श्रोत्यांची मंडळं बसवली गेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे, एकूण वीस भाग. मंडळांतली चर्चा आणि प्रश्न केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. त्यामागे संस्था होती, माणसं होती. एकट्याने आठवड्याला दोनचा वेग धरायचा नाही. घेण्यासारखी आहे ती मांडणी: भागांची संख्या आधी ठरलेली आणि ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला पुढच्या भागात जागा राखलेली. आजच्या चॅनलवर उलटं दिसतं. मालिका जाहीर होते, तिला शेवट नसतो आणि ती चौथ्या भागावर थकून विरते. बघणाऱ्याच्या मनात राहतो तो हा अर्धवटपणा.

एकट्या माणसाने एका वेळी दोनच मालिका चालवाव्यात आणि त्या दोन वेगळ्या स्वभावाच्या असाव्यात. एक पिकाच्या वयावर चालणारी, जिचे भाग ठरल्या दिवशीच आले पाहिजेत. दुसरी केव्हाही दाखवता येईल अशी, जी पहिलीच्या फटींत बसते. आपल्या उदाहरणात पहिली गुलाबी बोंडअळीची, सहा भागांची. दुसरी एकरी खर्चाच्या हिशोबाची, आठ भागांची, शेवटचा भाग सोडून उन्हाळ्यातच तयार झालेली. गुरुवार चुकत नाही. बोंडअळीचा भाग नसेल त्या गुरुवारी हिशोबाचा जातो.

लागवड २० जूनला झाली असं धरून बोंडअळीची मालिका मांडून पाहू. कामगंध सापळे पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत शेतात लागलेले हवेत, म्हणजे ४ ऑगस्टपर्यंत. पण त्या दिवशी व्हिडिओ देऊन काय उपयोग? शेतकऱ्याला तालुक्याच्या गावाला जायचं असतं, कृषी केंद्रात विचारायचं असतं, तिथे माल नसला तर पुन्हा जायचं असतं. म्हणून खरेदीचा भाग तिसाव्या दिवशी, २० जुलैच्या सुमारास. गुलाबी बोंडअळीची ल्यूर वेगळी असते, अमेरिकन बोंडअळीची त्यात लावून पतंग येत नाहीत, हे त्यात दाखवायचं. दुसरा भाग बेचाळिसाव्या दिवशी, १ ऑगस्टला: एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा सुमारे फूटभर उंच आणि पीक वाढेल तसे वर सरकवायचे. तिसरा बावन्नाव्या दिवशी: सापळ्यातले पतंग मोजणं. सलग तीन रात्री दर सापळ्याला आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ आली. या भागासाठी मागच्या वर्षी टिपलेला, पतंगांनी भरलेला सापळा लागतो. चालू वर्षी तो भाग काढण्याच्या वेळेला सापळा रिकामाच असण्याची शक्यता जास्त.

चौथा भाग बासष्टाव्या दिवशी, २१ ऑगस्टला, डोमकळीचा. पाकळ्या पूर्ण उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात आणि आत अळी असते. हे शब्दांत सांगून कळत नाही. एक डोमकळी हातात धरून, पाकळ्या हळूच सोडवून, आतली अळी दिसेपर्यंत न कापलेलं सलग चाळीस सेकंदांचं दृश्य लागतं आणि ते खुंटीच्या नेहमीच्या पाच दृश्यांत नसतं. म्हणून वेळापत्रकात ‘बासष्ट दिवस – प्रसिद्ध’ या ओळीखालीच ‘साठ ते सत्तर दिवस – डोमकळी जवळून टिपणे, पुढच्या वर्षासाठी’ अशी दुसरी ओळ असावी. दोन्ही ओळी नेहमी जोडीने असाव्यात. पाचवा भाग पंचाण्णवाव्या दिवशी, २३ सप्टेंबरला: एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, दोनांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं तर दहा टक्के झाले आणि ती मर्यादा आहे. सहावा थेट वेचणीच्या अखेरीस, फरदड घेऊ नये यावर.

या तारखा गुरुवारी पडतीलच असं नाही. तेव्हा आधीच्या गुरुवारी जायचं, पुढच्या कधीच नाही. सहा दिवस लवकर आलेला सापळ्याचा व्हिडिओ लोक लक्षात ठेवतात, दोन दिवस उशिरा आलेला वाया जातो. लागवड ५ जुलैला झाली तर सगळी मालिका पंधरा दिवस पुढे सरकते आणि त्या फटीत हिशोबाचे दोन भाग जातात.

एकाच जिल्ह्यात सगळ्यांची लागवड एका दिवशी होत नाही, हा आक्षेप खरा आहे. ओलिताची सोय असलेला आधी टोबतो, डोंगरपट्ट्यातला नंतर. कोरडवाहूतल्या आधी टोबणाऱ्यांचा आठवडा शून्य धरावा आणि शीर्षकात पिकाचं वय लिहावं: ‘४५ दिवसांची कपाशी: सापळे कसे लावावेत’. उशिरा टोबणाऱ्याला तोच व्हिडिओ दोन आठवड्यांनी शोधात सापडतो. ‘भाग ३’ हे शब्द शीर्षकाच्या सुरुवातीला घालू नयेत. शोधातून आलेल्या माणसाने भाग एक आणि दोन पाहिलेले नसतात आणि आपण मधेच आलो असं वाटून तो निघून जातो. भागाचा क्रमांक शेवटी, आणि सगळे भाग एका प्लेलिस्टमध्ये ओळीने. प्रत्येक भाग एकट्याने पुरा समजला पाहिजे. मालिका जोडलेली राहते ती त्याच शेतामुळे, त्याच खुंटीमुळे.

वेळापत्रक ढासळू लागल्याचं पहिलं लक्षण प्रेक्षकसंख्येत दिसत नाही, वहीत दिसतं. टंचाईचा आठवडा सुरू होताना शिलकीत दोनपेक्षा कमी तयार व्हिडिओ असतील, तर पुढच्या महिन्यात गुरुवार चुकणार हे नक्की. दुसरं लक्षण अपलोडचा दिवस सरकणं: सोमवारचा बुधवार झाला, मग गुरुवार दुपार. तिसरं लक्षण लोकांच्या प्रश्नांत असतं. ‘आता लावले तर चालतील का?’ असं विचारणारे वाढले, तर तो भाग त्यांच्यापर्यंत उशिरा पोचला. पुढच्या वर्षीच्या रकान्यात तिसाव्या दिवसाऐवजी पंचविसावा लिहायचा.

शिलकीत दोनपेक्षा कमी उरले तर आधी काय सोडायचं, हेही शांत डोक्याने उन्हाळ्यातच लिहून ठेवावं. मिनिटभराचे उभे व्हिडिओ आधी सोडावेत, मग हिशोबाच्या मालिकेतला भाग पुढे ढकलावा, त्यानंतर गुरुवार सरळ रिकामा ठेवावा. बोंडअळीचा भाग आणि फवारणीतल्या काळजीचा व्हिडिओ मात्र ठरल्या दिवशीच द्यावा, भले त्यात मुखचित्र साधं असो आणि संपादन कमी असो. पंचेचाळिसाव्या दिवसाला लागणारी माहिती साठाव्या दिवशी कितीही सुबक करून दिली तरी त्या शेताला तिचा उपयोग उरत नाही.

सीतादही करून वेचणी सुरू झाली की आपल्या तरुणाचे तास पुन्हा सहावर येतात. ओलावा आणि वाळवणीचा मार्चमध्ये केलेला व्हिडिओ तेव्हा निघतो, हिशोबाच्या मालिकेचे उरलेले भाग लागतात. त्या वर्षीचा खर्च आणि मिळालेला भाव घालून करायचा आठवा भाग मात्र कापूस विकल्यावरच टिपायचा. फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटण्याआधी खुंटीपाशी शेवटची पाच दृश्यं घ्यायची, पेनड्राइव्हची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायची आणि नव्या वहीत शून्य दिवसाचा रकाना कोरा ठेवून बाकीच्या ओळी लिहायला घ्यायच्या.